“नाकारला नव्हता, कागद मागितले होते”: एका DS-160 अर्जाचं प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. DS-160 म्हणजे अमेरिकेच्या व्हिसासाठीचा ऑनलाइन अर्ज. त्यातले प्रश्न, उत्तरं आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा काढणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी आईवडिलांच्या बाबतीत नेमका हाच पेच पडतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. काकू घर आणि थोडी शेती बघतात. मुलगी अमेरिकेत नोकरीला, आणि 2024 मध्ये तिचं पहिलं बाळंतपण होतं. दोघांनाही B1/B2, म्हणजे व्हिजिटर व्हिसा हवा होता.

अमेरिकेच्या व्हिसाचा प्रयत्न त्यांनी याआधीही करून पाहिला होता. 2016 च्या नोव्हेंबरात गुरुजी एका नातेवाइकाकडे जाण्यासाठी एकटेच मुंबईच्या वकिलातीत गेले होते. खिडकीवर दोन-तीन प्रश्न झाले आणि पासपोर्टसोबत 214(b) लिहिलेला कागद हातात आला. तुम्ही परत याल याची अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, एवढाच त्या कलमाचा अर्थ. त्यात कसला डाग नाही, दुसऱ्या दिवशीसुद्धा पुन्हा अर्ज करता येतो.

दुसरी वेळ फेब्रुवारी 2020 ची. मुलीचा पदवीदान समारंभ होता आणि या खेपेला दोघं मिळून गेले. अधिकाऱ्याने 221(g) ची चिठ्ठी दिली आणि मुलीच्या विद्यापीठाची काही कागदपत्रं मागितली. मार्चमध्ये कोरोनामुळे वकिलातीचं नेहमीचं व्हिसाचं काम थांबलं, समारंभ रद्द झाला आणि ती कागदपत्रं शेवटपर्यंत कुणी पाठवलीच नाहीत. चिठ्ठी देवघराच्या कपाटात पडून राहिली.

घरात या दुसऱ्या वेळेची आठवण अशी पक्की बसली होती: “त्यांनी नाकारला नव्हता, कागद मागितले होते.” पुढचा सगळा पेच या एका वाक्यातून उभा राहिला.

अर्ज कसा भरला गेला

सुरुवातीला गुरुजींचा पुतण्या रात्री घरीच फॉर्म भरायला बसला. DS-160 लांबलचक आहे: स्वतःची माहिती, प्रवास, सोबत कोण, आधीचा अमेरिकाप्रवास, पत्ता, पासपोर्ट, तिथला संपर्क, आईवडील, नोकरी-शिक्षण, मग सुरक्षेचे प्रश्न. वीसेक मिनिटं पानावर काही हालचाल झाली नाही की सत्र संपतं आणि त्या पानावर भरलेलं, पण जतन न केलेलं सगळं जातं. पुतण्या एका पानावर अडला की आतल्या खोलीत जाऊन विचारायचा, “तात्या, आजीची जन्मतारीख काय?” तिथून बोलणं पासपोर्ट कुठे ठेवलाय इथपर्यंत जायचं. परत येऊन बघतो तर पान बंद. मध्येच लाइट जायची ती वेगळीच.

“पुन्हा बाहेर फेकायलंय बघा,” असं म्हणून तो दर वेळी नवाच अर्ज सुरू करायचा. खरं तर त्याची गरज नव्हती. अर्ज सुरू करताना AA ने सुरू होणारा एक क्रमांक पडद्यावर येतो आणि एका सुरक्षाप्रश्नाचं उत्तर ठरवायला सांगतात. तो क्रमांक, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मवर्ष आणि ते उत्तर एवढं हाताशी असलं की अर्ज जिथे जतन केला तिथून पुढे उघडतो, आणि तो तीस दिवस तिथे टिकतो. पुतण्याने क्रमांक लिहून घेतला नव्हता आणि उत्तर काय दिलं तेही त्याला आठवत नव्हतं. गुरुजींच्या नावावर बरेच अर्धवट अर्ज तयार झाले. अर्धवट अर्जांनी काही बिघडत नाही, ते आपोआप जातात. पण माणूस वैतागतो, आणि वैतागलेल्या माणसाला एजंट बरा वाटतो.

पुण्यातल्या एका एजंटाकडे काम गेलं. त्याने दोन्ही अर्ज भरले, फोटो जोडले, स्वतःच “Sign and Submit” दाबलं, फी भरली आणि मुलाखतीची तारीखही घेतली. घरी आली ती फक्त एकेक पानाची पावती.

अडचण कुठे कळली

मुलीने अमेरिकेतून पूर्ण अर्जाची प्रत मागितली. हे तिने फार योग्य केलं. पावतीवर नाव, फोटो आणि बारकोड असतो, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलंय हे त्यावर दिसत नाही. सादर केलेला अर्ज पुन्हा उघडून त्याची पूर्ण छापील प्रत काढता येते. ती प्रत घेऊन गुरुजी, काकू आणि पुतण्या माझ्याकडे आले.

आधीच्या अमेरिकाप्रवासाच्या पानावर प्रश्न असा आहे: अमेरिकेचा व्हिसा कधी नाकारला गेला आहे का, किंवा अमेरिकेत प्रवेश नाकारला गेला आहे का, किंवा विमानतळावर प्रवेशाचा अर्ज मागे घेतला आहे का? दोघांच्याही अर्जात उत्तर होतं NO.

शेवटी आणखी एक प्रश्न असतो: हा अर्ज भरायला कुणी मदत केली का? तिथेही NO.

आईच्या जन्मतारखेच्या जागी गुरुजींच्या अर्जात 1 जून होतं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना लावलेल्या 1 जूनच्या तारखा घरोघरी आहेत. गुरुजींची स्वतःची जन्मतारीख पासपोर्टवरही 1 जूनच आहे, त्यामुळे तिथे तीच बरोबर. पण त्यांची आई कधी शाळेत गेलीच नव्हती. तिची तारीख एजंटाने अंदाजाने ठोकून दिली होती.

मी एजंटाला फोन लावायला सांगितला. त्याचं म्हणणं असं होतं: 2016 ची गोष्ट जुनी आहे, आता पासपोर्टही नवा आहे, आणि 2020 मध्ये तर नकार नव्हताच. “YES लिहिलं की प्रश्न वाढतात,” हा त्याचा शेवटचा मुद्दा.

221(g) म्हणजे नकार की नाही

मुद्दा इथेच होता, म्हणून इथे थोडं थांबतो.

अमेरिकी कायद्यानुसार मुलाखतीनंतर अधिकाऱ्यासमोर दोनच मार्ग असतात: व्हिसा द्यायचा किंवा नाकारायचा. “कागद आणा, मग बघू” असा तिसरा मार्ग कायद्यात नाही. म्हणून कागदपत्रं अपुरी असली किंवा तपास बाकी असला तर अधिकारी 221(g) या कलमाखाली नकारच नोंदवतो. फरक एवढाच, की कागदपत्रं एका वर्षाच्या आत दिली तर त्याच अर्जावर, नवी फी न भरता, पुन्हा विचार होऊ शकतो. वर्ष उलटलं की नवा अर्ज आणि नवी फी. गुरुजी-काकूंनी कागदपत्रं दिलीच नाहीत, म्हणजे तो नकार तसाच नोंदीत राहिला.

घरच्यांना हे पटायला वेळ लागला. काकू म्हणाल्या, “अहो, पण तो साहेब हसून बोलला. नाही म्हणालाच नाही.” त्यांचं चुकत नव्हतं. चिठ्ठीवर मागितलेल्या कागदांपुढे खुणा होत्या, माणूस सौजन्याने वागला होता, पासपोर्ट परत मिळाला होता. पण कपाटातली चिठ्ठी आणून नीट वाचली तेव्हा वर कलम छापलेलं होतं आणि अर्ज नाकारल्याचं वाक्यही होतं. कागद समोर असला की वाद संपतो.

पासपोर्ट नवा आहे, हा मुद्दा तर मुळातच फोल. वकिलातीची नोंद पासपोर्टच्या पुस्तिकेपाशी थांबत नाही. 2016 आणि 2020 या दोन्ही वेळी बोटांचे ठसे दिलेले होते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे जसं आहे तसंच मुलाखतीला जायचं आणि विचारलं तर सांगायचं. एजंटाचा कल याकडेच होता. यातला धोका व्हिसा न मिळण्याएवढाच नाही. महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं अधिकाऱ्याने ठरवलं तर कलम 212(a)(6)(C)(i) लागू शकतं आणि ती अपात्रता आयुष्यभराची असते. त्यातून सवलत मागता येते, पण प्रत्येक वेळी मागावी लागते. 214(b) चा नकार पुढच्या अर्जात मागे पडू शकतो, हा ठपका पडत नाही. नातवंडं अमेरिकेत वाढणार असलेल्या आजी-आजोबांनी हा धोका का घ्यावा, याचं उत्तर मला एजंटाकडून मिळालं नाही.

दुसरा पर्याय गुरुजींनीच सुचवला: 2016 चं लिहू, 2020 चं सोडून देऊ, म्हणजे काकूंचा अर्ज कोरा राहील. हा पर्याय मला पहिल्याइतकाच वाईट वाटला. गुरुजींच्या अर्जात अर्धी माहिती आणि काकूंच्या अर्जात चुकीची, आणि दोघं एकाच खिडकीसमोर उभे राहणार.

तिसरा पर्याय दोन्ही अर्ज दुरुस्त करून नव्याने सादर करण्याचा. अडचण अशी, की सादर केलेल्या अर्जात बदल करता येत नाही. जुना क्रमांक वापरून त्यातली माहिती नव्या अर्जात घेता येते, पण नव्या अर्जाला नवा AA क्रमांक मिळतो. मुलाखतीची तारीख जुन्या क्रमांकावर घेतलेली होती, आणि पावतीवरचा क्रमांक व तारखेच्या नोंदीतला क्रमांक जुळावाच लागतो. तारीख हातची गेली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि बाळंतपण तर कुणासाठी थांबणार नव्हतं.

तारीख जाण्याची भीती खरी होती. तरीही तिसराच पर्याय घ्यावा असं मी सांगितलं. अमेरिकी नियमांत वेळेवर स्वतःहून केलेल्या दुरुस्तीला वजन आहे. अधिकाऱ्याने चूक पकडायच्या आत, पहिल्या संधीला अर्जदाराने खरी माहिती दिली तर आधीचं चुकीचं विधान त्याच्या अंगाला चिकटत नाही. मुलाखतीच्या खिडकीवर पकडलं गेल्यावर दिलेल्या कबुलीला ते वजन राहत नाही. मुलीने फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणाली, “बाबा, तारीख गेली तर जाऊ द्या, पण खरं लिहा.” त्यावर निर्णय झाला.

काय केलं

संगणक उघडण्याआधी कागदावर यादी केली. दोन्ही पासपोर्टांचे तपशील, आधीच्या दोन मुलाखतींचा महिना आणि वर्ष, आईवडिलांची नावं आणि तारखा, मुलीचा पत्ता, समाजमाध्यमांवरची खाती. सत्र संपण्यावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पानं भराभर पुढे जातात, कारण विचारायला कुठे जावंच लागत नाही. शिवाय प्रत्येक पानावर “Save” दाबत गेलो आणि मध्ये अर्जाची .dat फाइल संगणकावर उतरवून घेतली. तीस दिवस उलटले तरी त्या फाइलवरून माहिती पुन्हा चढवता येते. AA क्रमांक आणि सुरक्षाप्रश्नाचं उत्तर गुरुजींनी स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

आईच्या जन्मतारखेशेजारी “Do Not Know” ची चौकट आहे, तिथे खूण केली. अंदाजाच्या तारखेपेक्षा ही खूण चांगली. अंदाज दर अर्जात बदलतो आणि मग दोन अर्जांची तोंडं दोन दिशांना होतात.

मग नकाराचा प्रश्न. दोघांच्याही अर्जात YES. खाली स्पष्टीकरणाची जागा येते. गुरुजींच्या मनात तिथे मोठा खुलासा लिहायचा होता: कोरोना, समारंभ, पोस्टाची अडचण. मी छोटं ठेवायला सांगितलं. कधी, कुठे, कोणत्या कलमाखाली आणि पुढे काय झालं, इतकंच. कारणमीमांसा विचारली तर तोंडी सांगता येते. काही रकान्यांत कंसासारखी चिन्हं चालत नाहीत, म्हणून तीही टाळली. गुरुजींचा मजकूर असा:

```
NOVEMBER 2016 MUMBAI REFUSED UNDER 214B.
FEBRUARY 2020 MUMBAI REFUSED UNDER 221G.
REQUESTED DOCUMENTS WERE NOT SUBMITTED.
```

काकूंच्या अर्जात पहिली ओळ नाही. प्रत्येकाचा अर्ज ज्याचा त्याचा असतो आणि नवऱ्याचा नकार बायकोच्या अर्जात लिहायचा नसतो. गुरुजींना नेमका दिवस आठवत नव्हता. महिना आणि वर्ष खात्रीचं होतं, तेवढंच लिहिलं.

मदत कुणी केली या प्रश्नाला YES आणि माझा तपशील. शेवटचं बटण मात्र दोघांनी आपापलं दाबलं. दुसऱ्याने अर्ज भरून दिला तरी सादर अर्जदारानेच करायचा, हा नियम आहे.

फोटोचा घोळ

फोटोवर आमचा बराच वेळ गेला. एजंटाने जोडलेले फोटो जुने होते आणि गुरुजींच्या डोळ्यांवर चष्मा होता. 2016 च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही आणि फोटो गेल्या सहा महिन्यांतला लागतो. गावातल्या स्टुडिओने निळ्या पडद्यापुढे, उभ्या आकारात फोटो काढून दिले. तेही नाकारले गेले.

हवा असतो चौकोनी, पांढऱ्या पार्श्वभूमीचा JPEG: कमीत कमी 600 बाय 600, जास्तीत जास्त 1200 बाय 1200 पिक्सेल, आणि फाइल 240 केबीपर्यंत. स्टुडिओवाल्याने पांढऱ्या पडद्यापुढे पुन्हा काढले आणि व्हॉट्सअॅपवर धाडले. चढवताना पुन्हा अडलं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकसतं, आणि त्यातून चेहरा कापून चौकोन केला की बाजू सहाशेच्या खाली जाते. फाइलवर उजवी क्लिक करून तपशील पाहिला तेव्हा हे कळलं. तोच फोटो त्याने पेनड्राइव्हवर, 900 बाय 900 मध्ये दिला आणि काकूंचा लगेच गेला.

गुरुजींचा तरीही जाईना. कपाळावर दिव्याची चमक होती, बहुधा तिच्यावर अडत असावं. अशा वेळी अर्ज अडून राहत नाही. फोटोशिवाय पुढे जाता येतं, पावतीवर फोटोच्या चौकटीत X येतो आणि दोन इंच बाय दोन इंचाचा छापील फोटो सोबत न्यावा लागतो. सत्र पुन्हा संपण्यापेक्षा आम्ही तेच केलं.

क्रमांक जुळवणं आणि पुढे

अर्ज सादर झाले, नवे क्रमांक आले. तारखेच्या नोंदीत बदल करण्याची सोय गुरुजींच्या खात्यात बंद दिसत होती. खातं एजंटाच्या ईमेलवर होतं, आणि तो पासवर्ड मिळवायलाच सगळ्यात जास्त घासाघीस झाली. मग मदतकक्षाला लेखी विनंती केली: जुना क्रमांक, नवा क्रमांक, आणि कारण “आधीच्या नकाराबद्दलचं उत्तर दुरुस्त केलं”. काही दिवसांनी नवे क्रमांक नोंदीत दिसू लागले. तारीख वाचली.

ठसे आणि मुलाखतीसाठी दोघं लातूर-मुंबई गाडीने गेले. सोबत दोन्ही पावत्या, 2020 ची चिठ्ठी, पेन्शनची कागदपत्रं, सातबारा आणि गुरुजींचे दोन छापील फोटो. मुलाखतीत अधिकाऱ्याने 2020 बद्दल विचारलं. गुरुजींनी मराठी दुभाष्यामार्फत सांगितलं की समारंभ रद्द झाला म्हणून कागद दिले नाहीत. 2016 बद्दल काही विचारलंच नाही. बाकीचे प्रश्न मुलीचे, पेन्शनचे आणि परत कधी येणार याचे. दोघांनाही व्हिसा मिळाला.

तो YES लिहिल्यामुळे मिळाला असं मी म्हणणार नाही. पेन्शन, शेती, गावातलं घर आणि नोकरीत स्थिरावलेली मुलगी, यांचं वजन असणारच. खरं लिहूनही 214(b) खाली पुन्हा नकार येऊ शकला असता. तसं झालं असतं तर पुढच्या खेपेला दार उघडं राहिलं असतं, एवढाच दुरुस्तीचा हिशोब होता.

पुन्हा हेच काम आलं तर

खातं अर्जदाराच्या किंवा मुलीच्या ईमेलवर उघडायचं, एजंटाच्या कधीच नाही. या प्रकरणात अर्जापेक्षा पासवर्डने जास्त घाम फोडला.

फी भरण्याआधी आणि तारीख घेण्याआधी पूर्ण अर्जाची छापील प्रत अर्जदाराने ओळ न ओळ वाचायची, किंवा कुणी मराठीतून वाचून दाखवायची. एका माणसाची फी 185 डॉलर आहे आणि ती परत मिळत नाही. शिवाय तारीख घेतल्यानंतरची दुरुस्ती क्रमांकाच्या घोळात अडकते.

जुनी चिठ्ठी फेकायची नाही, आणि मिळाल्या दिवशीच तिचा फोटो काढून मुलांना पाठवायचा. गुरुजींचा 2016 चा कागद सापडला नाही. तो असता तर महिन्यासोबत दिवसही लिहिता आला असता.

आणि प्रश्न शब्दशः वाचायचा. DS-160 मध्ये नकाराचा प्रश्न अमेरिकेपुरता आहे. कॅनडाच्या अर्जात तोच प्रश्न “कॅनडा किंवा इतर कोणताही देश” असा आहे, ब्रिटनच्या अर्जातही इतर देशांचे नकार विचारतात. गुरुजींचा धाकटा मुलगा पुढच्या वर्षी कॅनडाला शिकायला जायचं म्हणतोय. त्याला भेटायला जाताना गुरुजी आणि काकूंना 2016 आणि 2020 तिथेही लिहावं लागेल. कॅनडात खोट्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी आहे. वहीतलं ते पान मी गुरुजींना आत्ताच वेगळं काढून पासपोर्टच्या पिशवीत ठेवायला सांगितलं आहे.